हरात्मक बेरीज आणि नैसर्गिक लॉगरिदम यांतील फरकाचे अभिसरण

१ + १/२ + १/३ + … + १/n ही हरात्मक श्रेढीच्या पहिल्या n पदांची बेरीज H(n) मानली, तर a(n) = H(n) − ln n या क्रमिकेला सांत सीमा असते. त्या सीमेला ऑयलरचा स्थिरांक म्हणतात. ती γ या अक्षराने दाखवतात आणि तिचे मूल्य ०.५७७२१५६… आहे. H(n) आणि ln n दोन्ही अमर्याद वाढतात. अशा दोन राशींच्या वजाबाकीचे काय होईल हे नुसत्या बघण्याने कळत नाही. ती वजाबाकीही अमर्याद वाढू शकते किंवा दोन मूल्यांमध्ये हेलकावत राहू शकते. येथे तसे होत नाही, याची सिद्धता y = १/x या वक्राखालच्या क्षेत्रफळावरून मिळते.

सिद्धतेचा सगळा भार एका निरीक्षणावर आहे. k पासून k+१ पर्यंत १/x हे फलन १/k पासून १/(k+१) पर्यंत सतत उतरते. म्हणून एक एकक रुंदीच्या या पट्टीत वक्राखालचे क्षेत्रफळ मोठ्या आयतापेक्षा कमी आणि लहान आयतापेक्षा जास्त असते. ते क्षेत्रफळ म्हणजे १/x चा k ते k+१ हा समाकल, अर्थात ln(k+१) − ln k. तेव्हा

१/(k+१) < ln(k+१) − ln k < १/k

ही असमानता प्रत्येक धन पूर्णांक k साठी खरी आहे. तिची डावी बाजू क्रमिका घटते हे दाखवते आणि उजवी बाजू तिला खालून आधार देते.

प्रथम डावी बाजू घेऊ. n च्या जागी n+१ आल्यावर बेरजेत १/(n+१) ची भर पडते आणि लॉगरिदम ln(n+१) − ln n ने वाढतो. म्हणून

a(n+१) − a(n) = १/(n+१) − [ln(n+१) − ln n] < ०.

a(n) अशा रीतीने प्रत्येक पायरीला घटते. आता उजवी बाजू k = १ पासून k = n पर्यंत मांडून बेरीज करू. लॉगरिदमची मधली पदे एकमेकांना खोडतात आणि ln(n+१) < H(n) उरते. ln n हा ln(n+१) पेक्षा लहान असल्याने a(n) > ० मिळते. सतत घटणारी आणि शून्याच्या खाली कधीही न जाणारी वास्तव संख्यांची क्रमिका अभिसारी असते, आणि सिद्धता येथे पूर्ण होते. हे शेवटचे वाक्य वास्तव संख्यांच्या पूर्णतेवर उभे आहे. सीमा आहे एवढेच ते सांगते, ती कोणती हे सांगत नाही.

विद्यार्थ्यांच्या उत्तरांत चूक बहुधा याच ठिकाणी होते. समाकलाशी तुलना करून ० < a(n) ≤ १ इतके दाखवले जाते आणि ‘म्हणून अभिसारी’ असे लिहिले जाते. परंतु परिबद्ध असणे पुरेसे नाही. लागोपाठच्या पदांतील फरक शून्याकडे जातो हे त्याला जोडले तरी भागत नाही. sin(ln n) या क्रमिकेत दोन्ही गुण आहेत. ती −१ आणि १ यांच्या बाहेर जात नाही, लागोपाठच्या पदांतील फरकही १/n पेक्षा लहान असतो, आणि तरीही ती वरखाली फिरत राहते, कोठेही स्थिरावत नाही. a(n) ला हे स्वातंत्र्य नाही, कारण तिला परत वर येता येत नाही. तिचे घटणे सिद्ध करणे म्हणूनच अनिवार्य आहे.

शून्य हा आधार मात्र फार खालचा आहे, त्यातून γ धन आहे हेसुद्धा कळत नाही. b(n) = H(n) − ln(n+१) ही दुसरी क्रमिका घेतली की चित्र अधिक स्पष्ट होते. हिच्या एका पायरीतील बदल १/(n+१) − [ln(n+२) − ln(n+१)] इतका असतो. वरील असमानतेच्या उजव्या बाजूनुसार तो धन आहे, म्हणून b(n) सतत वाढते. दोहोंमधील अंतर a(n) − b(n) = ln(१ + १/n) हे १/n पेक्षा कमी असून शून्याकडे जाते. म्हणजे b(n) खालून आणि a(n) वरून एकाच संख्येला चिमटीत पकडतात. n = १ लाच चिमटीची टोके १ − ln २, म्हणजे सुमारे ०.३०६९, आणि १ अशी असतात.

n = १० घेऊन पाहू. H(१०) = ७३८१/२५२० = २.९२८९६८…, ln १० = २.३०२५८५… आणि ln ११ = २.३९७८९५… यांवरून a(१०) = ०.६२६३८… आणि b(१०) = ०.५३१०७… मिळतात. दहा पदे मिळवूनही चिमटीची रुंदी ०.०९५ उरते. या गतीने सहा दशांश स्थळे हवी असतील तर दहा लाखांच्या घरातील पदे मिळवावी लागतील.

ही चिमटी आवळण्याचा उपाय त्याच आकृतीत आहे. a(k) − a(k+१) म्हणजे वक्र आणि लहान आयत यांच्यामध्ये उरलेला तुकडा. वक्र खालच्या बाजूला फुगलेला असल्याने k आणि k+१ येथील बिंदूंना जोडणारी जीवा त्याच्या वर राहते. म्हणून तो तुकडा ½[१/k − १/(k+१)] क्षेत्रफळाच्या त्रिकोणापेक्षा लहान असतो. k+१ येथील स्पर्शिका वक्राच्या खाली राहते, म्हणून तोच तुकडा १/[२(k+१)²] पेक्षा मोठा असतो. ही राशी पुन्हा ½[१/(k+१) − १/(k+२)] पेक्षा मोठी आहे. k = n पासून अनंतापर्यंत बेरीज केली की मधली पदे खोडली जातात आणि

१/[२(n+१)] < a(n) − γ < १/(२n)

हे उरते. आता n = १० लाच γ ०.५७६३८ आणि ०.५८०९३ यांच्यामध्ये येतो. पहिल्या चिमटीपेक्षा ही वीसपटींहून अरुंद आहे, आणि त्यासाठी एकही पद अधिक मिळवावे लागलेले नाही.

लिओनार्ड ऑयलरने १७३४ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडलेल्या निबंधात हा स्थिरांक आला. त्याने दिलेले मूल्य ०.५७७२१८ होते, पहिली पाच स्थळे बरोबर. लोरेन्झो मास्केरोनीने १७९० मध्ये ३२ स्थळे दिली, पण विसाव्या स्थळापाशी त्याची चूक झाली होती. १८०९ मध्ये योहान फॉन सोल्डनरचे उत्तर त्याच ठिकाणी वेगळे आले. १८१२ मध्ये गाऊसच्या सांगण्यावरून निकोलाईने ४० स्थळांपर्यंत गणित केले, तेव्हा सोल्डनर बरोबर ठरला. तरीही या स्थिरांकाला ऑयलरबरोबर मास्केरोनीचेही नाव आजवर जोडले जाते.

अभिसरण एकदा सिद्ध झाले की त्यातून इतर उत्तरे सहज निघतात. १ − १/२ + १/३ − १/४ + … या श्रेढीच्या पहिल्या २n पदांची बेरीज H(२n) − H(n) इतकी असते, म्हणजेच ln २ + a(२n) − a(n). दोन्ही a एकाच सीमेकडे जात असल्याने त्यांचा फरक नाहीसा होतो आणि श्रेढीची बेरीज ln २ ठरते. येथे γ चे मूल्य ठाऊक असण्याची गरज पडत नाही, सीमा आहे एवढे पुरते. हरात्मक बेरीज १० च्या पुढे कधी जाते हे शोधताना मात्र मूल्य लागते. H(n) हा ln n + γ + १/(२n) च्या अगदी जवळ असतो, आणि त्यावरून n = १२,३६७ मिळतो. एकेक पद मिळवत गेल्यासही १० ओलांडणारे पहिले पद हेच येते.

γ परिमेय आहे की अपरिमेय, हे अजून सिद्ध झालेले नाही. वरची चिमटी हवी तितकी अरुंद करता येते, पण तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण कितीही अरुंद अंतरालात दोन्ही प्रकारच्या संख्या असतातच.