शूटिंग मेथड: शेवट माहीत आहे, पण सुरुवात कशी शोधायची?

समजा, एक चेंडू जमिनीवरून सरळ वर फेकायचा आहे. अट एकच: बरोबर ४ सेकंदांनी तो १० मीटर उंचीवर असला पाहिजे. मग तो फेकायचा किती वेगाने?

हवा नसती तर हे शाळेतल्या सूत्राने एका ओळीत सुटलं असतं. उत्तर आलं असतं, सेकंदाला २२.१ मीटर. पण हवा चेंडूला अडवते आणि वेग वाढला की हा अडथळाही वाढतो. मग शाळेतलं सूत्र चालत नाही. अशा वेळी गणितात एक पद्धत वापरतात, तिचं नाव 'शूटिंग मेथड'. निशाणा लावायचा, गोळा कुठे पडला ते बघायचं, नेम सुधारायचा आणि पुन्हा मारायचं. तोफ चालवणाऱ्याची ही रीत इथे कागदावर किंवा कॉम्प्युटरवर वापरली जाते.

नेमकी अडचण काय आहे?

चेंडूची गती एका डिफरन्शियल इक्वेशनने, म्हणजेच विकलक समीकरणाने सांगता येते. 'आत्ता उंची इतकी आणि वेग इतका असेल, तर पुढच्या क्षणी काय होईल' हे ते समीकरण सांगतं.

सुरुवातीची उंची आणि वेग दोन्ही माहीत असतील तर काम सोपं असतं. ४ सेकंदांचे बारीक तुकडे करायचे आणि एकेक पाऊल पुढे जात राहायचं. याला 'इनिशियल व्हॅल्यू प्रॉब्लेम' म्हणतात. कॉम्प्युटर तो क्षणात सोडवतो.

आपल्या प्रश्नात मात्र माहिती दोन टोकांना विभागलेली आहे. सुरुवातीची उंची माहीत आहे (शून्य), शेवटची उंची माहीत आहे (१० मीटर), पण सुरुवातीचा वेग माहीत नाही. हा झाला 'बाउंडरी व्हॅल्यू प्रॉब्लेम'. पहिलं पाऊल टाकायलाच वेग लागतो आणि नेमका तोच हातात नाही.

मग शूटिंग मेथड काय करते?

ती वेगाचा अंदाज करते. त्या अंदाजाने ४ सेकंदांपर्यंतचा पूर्ण प्रवास काढते आणि शेवटी चेंडू १० मीटरपासून किती चुकला ते मोजते. ही चूक चिन्हासकट लिहायची असते. खाली राहिला तर उणे, वर गेला तर अधिक. पुढचा नेम कोणत्या बाजूला हलवायचा हे चिन्हावरूनच कळतं.

आता मूळ प्रश्नाचं रूप बदलतं. प्रत्येक अंदाजाला एक चूक मिळते. चूक शून्य होईल असा अंदाज शोधला की काम झालं.

आकडे घालून बघूया

गुरुत्वाकर्षणाचं त्वरण ९.८ धरू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरू आणि त्याचा गुणांक घेऊ ०.००८. याचा अर्थ असा, की हा चेंडू खूप उंचावरून सोडला तर त्याचा वेग वाढत वाढत सेकंदाला ३५ मीटरजवळ स्थिर होईल. क्रिकेटच्या चेंडूसाठी हा आकडा पटण्याजोगा आहे.

*पहिला नेम:* हवा नसतानाचं उत्तर, २२.१. चौथ्या सेकंदाला चेंडू २.५२ मीटरवर. चूक उणे ७.४८.

*दुसरा नेम:* वेग वाढवून २५. चेंडू १०.७७ मीटरवर. चूक अधिक ०.७७. म्हणजे खरं उत्तर या दोन वेगांच्या मध्ये कुठेतरी आहे.

*तिसरा नेम:* आता अंदाज हवेत करायचा नाही. वेग २.९ ने वाढवल्यावर उंची साधारण ८.२४ मीटरने वाढली, म्हणजे वेगाच्या एका एककामागे सुमारे २.८४ मीटर. मग ०.७७ मीटर खाली यायला वेग सुमारे ०.२७ ने कमी करायला हवा. नवा वेग २४.७३. चेंडू १०.०१ मीटरवर, चूक जेमतेम एक सेंटीमीटर.

*चौथा नेम:* शेवटच्या दोन नेमांवरून तोच हिशोब पुन्हा केला की वेग येतो २४.७२५ आणि चेंडू १०.०० मीटरवर.

दोन चुका एका सरळ रेषेने जोडायच्या आणि ती रेषा शून्याला कुठे छेदते ते बघायचं, या युक्तीला 'सीकंट मेथड' म्हणतात. हवा नसती तर वेग आणि शेवटची उंची यांचं नातं खरोखरच सरळ रेषेचं असतं. मग कोणतेही दोन नेम पुरले असते आणि तिसरा अचूक लागला असता. हवेमुळे ही रेषा किंचित वाकते, म्हणून एखादी फेरी जास्त लागते.

पायथॉनमध्ये हाच प्रश्न असा लिहिता येतो:

```python
from scipy.integrate import solve_ivp
from scipy.optimize import brentq

def gati(t, s):
    y, v = s
    return [v, -9.8 - 0.008*v*abs(v)]

def chuk(u):
    r = solve_ivp(gati, (0, 4), [0, u], rtol=1e-8)
    return r.y[0, -1] - 10

print(brentq(chuk, 22.1, 25))
```

`chuk` एक नेम मारून चूक सांगतं. `brentq` ला एका बाजूला उणे आणि दुसऱ्या बाजूला अधिक चूक देणारे दोन अंदाज द्यावे लागतात. ते आपल्याकडे आहेतच.

एकापेक्षा जास्त उत्तरं असली तर?

चेंडूच्या प्रश्नात वेग वाढवला की उंची वाढतच जाते, त्यामुळे उत्तर एकच आहे. नेहमी असं नसतं. याचं एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे y'' = 1.5 y² हे समीकरण. अटी अशा, की x शून्य असताना y चार आणि x एक असताना y एक. इथे सुरुवातीचा उतार −८ घेतला तरी नेम लागतो आणि सुमारे −३५.८६ घेतला तरी लागतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. कोणतं हाती येईल हे पहिल्या अंदाजावर ठरतं. म्हणून आधी बऱ्याच अंदाजांसाठी चुकीचा आलेख काढून तो शून्याला किती वेळा छेदतो हे बघणं शहाणपणाचं असतं.

पद्धत कुठे फसते?

काही समीकरणांमध्ये सुरुवातीची बारीकशी चूक पुढे प्रचंड फुगते. y'' = 100 y घ्या आणि x शून्यापासून दोनपर्यंत जा. सुरुवातीच्या उतारात ०.०००००१ इतका फरक पडला, तर शेवटी y मध्ये सुमारे २४ चा फरक पडतो. म्हणजे चूक जवळजवळ २.४ कोटी पटीने वाढली. अशा वेळी नेम कितीही सुधारा, निशाणा हुकतच राहतो.

हे ओळखायचं कसं? अंदाज शेवटच्या एखाद्या दशांश स्थानावर हलवून बघायचा. उत्तर उडी मारत असेल तर धोका आहे. पावलांची लांबी निम्मी करूनही तपासता येतं. उत्तर ठळकपणे बदललं तर आधीच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे 'मल्टिपल शूटिंग'. एक लांब नेम मारण्याऐवजी अंतराचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला स्वतंत्र अंदाज घ्यायचा. मग सगळे तुकडे सांध्यावर जुळेपर्यंत हे अंदाज एकत्रच सुधारत जायचे. वरच्या उदाहरणात दहा तुकडे केले, तर उतारातली चूक एका तुकड्यात चौपटीच्या आतच राहते. त्याच्या बदल्यात एका अंदाजाऐवजी अनेक अंदाज सांभाळावे लागतात आणि हिशोब वाढतो.