घट आणि घडणावळ: सोन्याच्या पावतीतल्या दोन ओळींची कुळकथा

पालीत लग्न ठरलं की सोन्यासाठी बीडचा सराफा गाठायचा, आणि मग पावतीवर सोन्याच्या भावाखाली आणखी दोन रकमा दिसतात: घडणावळ आणि घट. पहिली कारागिराची मजुरी, हे लगेच कळतं. दुसरीमागे मात्र जुना इतिहास आहे.

पूर्वी दागिना तयार मिळत नसे. सोनं गिऱ्हाइकाचं, हात सोनाराचा. जुन्या पाटल्या मोडून गोठ करायला दिले की सोनं मुशीत आटवताना, जंत्रीतून तार ओढताना, कानशीने घासताना आणि उजळताना थोडं थोडं जायचं. वजन कमी भरलं तर सोनारावर आळ येणार. म्हणून काम हाती घेतानाच ठरायचं, तोळ्यामागे अमुक गुंजा घट. तोळ्याच्या गुंजा 96, तेव्हा दोन गुंजा घट म्हणजे साधारण दोन टक्के. मजुरी त्याहून वेगळी.

हे गेलेलं सोनंही पुरतं वाया जात नसे. सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेत आणि धुऊन-गाळून त्यातला कण वेगळा करत.

आता सोनं दुकानदाराचंच असतं, केरही त्याचाच. यंत्रावरच्या साखळीत तूट थोडी, हाताच्या बारीक नक्षीकामात जास्त, हे खरं. पण गुंजांची घट आज भावावरची टक्केवारी झाली आहे. भाव वाढला की काम तेवढंच असून तिची रक्कम वाढते.

म्हणून दोन दुकानांची नुसती टक्केवारी ताडून पाहू नये. हिशोबाला 22 कॅरेटचा बाजारभाव ग्रॅमला 10,000 रुपये धरू आणि दागिना 10 ग्रॅमचा. पहिला सराफ घट 5 टक्के आणि तिच्यासकट वजनावर घडणावळ 8 टक्के सांगतो. साडेदहा ग्रॅमचे 1,05,000, वर 8,400, एकूण 1,13,400. दुसरा म्हणतो, घट नाही, मजुरी फक्त ग्रॅमला 900. पण त्याचा भाव 10,300 आहे, म्हणजे एकूण 1,12,000. दोघांच्या रकमेतून सोन्याचे 1,00,000 वजा केले, तर वरचा खर्च ग्रॅममागे पहिल्याकडे 1,340, दुसऱ्याकडे 1,200 पडतो. ‘घट नाही’ म्हणणाऱ्यानेही ग्रॅममागे 300 रुपये भावातच घेतले. जीएसटी दोन्हीकडे एकूण रकमेवर 3 टक्के, त्यामुळे तुलना त्याआधीच्या रकमेची करावी.

वजन निव्वळ सोन्याचं धरावं. वज्रटिकेतली लाख किंवा मंगळसूत्रातले काळे मणी सोन्याच्या भावात गेले, तर सगळा हिशोब फसतो. हॉलमार्क दागिन्याच्या पावतीवर निव्वळ वजन आणि शुद्धता लिहिलेली असावी लागते. ती वाचावी, एचयूआयडी क्रमांक ताडून पाहावा.

आणि शेवटी एक विचारून घ्यावं: हाच दागिना उद्या मोडायला आणला तर किती वजन धराल, किती कापाल? घट आणि घडणावळ सहसा परत मिळत नाही. रोज वापरायचा नसेल, त्या दागिन्यावर ती कमीत कमी द्यावी.