सोमवारची घसरण आणि योगायोग

मंडळी, मागच्या वेळी आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो : आकड्यांत दिसणारी लय खरी की योगायोगाची? आज त्यासाठी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला सोमवार घेऊ.

१९८० साली केनेथ फ्रेंच या अर्थशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला. शुक्रवारी बाजार बंद होतो, तेव्हापासून सोमवारी बंद होईपर्यंत तीन दिवस जातात. गुंतवलेला पैसा रोज वाढत असेल, तर सोमवारची वाढ इतर दिवसांच्या तिप्पट असायला हवी. त्याने १९५३ ते १९७७ चे आकडे तपासले. सोमवारचा सरासरी परतावा तिप्पट तर नव्हताच, तो चक्क उणे होता, साधारण ०.१७ टक्के.

आता फ्रेंच इथेच थांबला नाही, हे बघा. त्याने पंचवीस वर्षांचे पाच-पाच वर्षांचे तुकडे केले. पाचही तुकड्यांत सोमवार उणाच. मग त्याला वाटलं, बाजार बंद राहिल्यामुळेच हे होत असेल का? तसं असेल तर सणासुदीच्या सुट्टीनंतरही भाव घसरायला हवेत. पण मंगळवार सोडला तर सुट्टीनंतरच्या दिवसाचा परतावा एरवीपेक्षा जास्तच निघाला. आणि मंगळवारी काय होतं? सोमवारी सुट्टी असली की शनिवार-रविवारचा हिशेब मंगळवारवर येतो. म्हणजे दोष सुट्टीचा नाही, शनिवार-रविवारचा.

इतकं झाल्यावर आपण म्हणू, सिद्ध झालं! पण थांबा. सोमवारच का निवडला? पाच वारांपैकी एखादा तरी वेगळा दिसणारच. एका वाराच्या चाचणीत फसण्याची शक्यता ५ टक्के धरली, तर पाच वार चाचपल्यावर ती ढोबळमानाने २३ टक्के होते. म्हणून वारांच्या चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसायच्या, प्रत्येक आठवड्यातले परतावे त्याच आठवड्यात ठेवून वार तेवढे बदलायचे, आणि दर वेळी ‘सर्वांत वेगळा वार’ किती वेगळा दिसतो ते मोजायचं. हजार वेळा पिसून खरा सोमवार त्या गर्दीत कुठे बसतो, ते पाहायचं.

पण पिसणाऱ्यांनी वारांशिवाय महिने, महिनाअखेर, सुट्टीआधीचा दिवस हेही चाचपलेलं असतं, त्याचं काय? २००१ साली सलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी शंभर वर्षांचे रोजचे आकडे घेतले आणि सुमारे ९,५०० कॅलेंडर-नियम एकत्र मोजले. एवढ्या नियमांत पाच टक्क्यांच्या कसोटीवर निव्वळ योगायोगानेही पावणेपाचशे उत्तीर्ण होतील. ही गर्दी हिशेबात धरली, तेव्हा सर्वोत्तम नियमही उठून दिसेना.

मग फ्रेंच चुकला का? त्याची गणितं चोख होती. पण ज्या आकड्यांनी शंका सुचवली, तेच आकडे तिचे साक्षीदार होऊ शकत नाहीत. खरा साक्षीदार म्हणजे नंतर आलेली वर्षं. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या शेअरांत सोमवारची ती घसरण पुढे विरत गेली. ती मुळातच योगायोग होती, की कळल्यावर लोकांनी फायदा उठवून ती पुसली? हे मात्र पिसून कळत नाही.