जिन्याच्या रेलिंगची साइट-चिठ्ठी

बांधकामावरचा साइट सुपरवायझर वेल्डरच्या हाती देतो तो मापांचा आणि कामाच्या क्रमाचा कागद. परभणी जिल्ह्यात घरांच्या रेलिंगचे काम बहुधा दोन ठिकाणी विभागलेले असते. परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर, मानवत येथील फॅब्रिकेशनच्या दुकानांत पाइप कापले जातात आणि साइटवर, पुष्कळदा दूरच्या गावात, ते जोडले जातात. दुकानात जिना डोळ्यांसमोर नसतो आणि साइटवर कापण्याचे मोठे यंत्र नसते. चुकीच्या मापाने कापलेला खांब साइटवर पोहोचला की तो परत नेणे आले आणि दिवस वाया गेला. वास्तुविशारदाचा नकाशा ही अडचण सोडवत नाही, कारण त्यात ठरवलेल्या पायऱ्या असतात, ओतल्या गेलेल्या नसतात. म्हणून चिठ्ठीतली मापे स्लॅब ओतून झाल्यावर टेप लावून घेतलेलीच असावीत.

चिठ्ठीची भाषा मराठी-हिंदी मिश्र असते. मापे मिलिमीटरमध्ये लिहिलेली बरी, पण वेल्डर फूट, इंच आणि सुतात विचार करतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी. रूपांतर ज्याने माप घेतले त्याने चिठ्ठीतच करून द्यावे. साइटवर तोंडी केलेल्या रूपांतरात एखादे सूत इकडेतिकडे होतेच.

पुढे घेतलेले उदाहरण दोन टप्प्यांच्या नेहमीच्या घरगुती जिन्याचे आहे. मजल्याची उंची ३३०० मिमी, पायऱ्यांचे चढ वीस, एका टप्प्यात दहा. प्रत्येक चढ १६५ मिमी आणि पायरीची रुंदी २५० मिमी. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) घरासाठी रुंदी किमान २५० आणि चढ कमाल १९० मिमी आहे, तेव्हा हा जिना नियमात बसतो. पायऱ्यांवर ग्रॅनाइट बसायचे आहे. दगड आणि खालचा मसाला मिळून जाडी ५० मिमी धरली आहे. एका पायरीचे तिरपे अंतर जवळजवळ नेमके ३०० मिमी येते, म्हणजे ढोबळमानाने एक फूट. असे जुळून आलेले माप चिठ्ठीत आवर्जून लिहावे, कारण वेल्डरला ते टेप न काढता तपासता येते.

उंची कुठून मोजायची

रेलिंगची उंची एक मीटर, एवढेच लिहिलेली चिठ्ठी अपुरी असते. ही उंची पायरीच्या पुढच्या कडेवरून मोजायची की पायरीच्या मध्यावरून? दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्हींत फरक पडतो. वरचा पाइप जिन्याच्या उतारानेच जातो. पायरीच्या कडेपासून मध्यापर्यंत १२५ मिमी मागे गेले की तो ८२ मिमी वर चढलेला असतो. खांब पायरीच्या मध्यावर बसवला आणि वेल्डरने तिथे पायरीपासून एक मीटर मोजून पाइप टाकला, तर कडेवर उंची ९१८ मिमीच भरते. उतरणाऱ्याचे पाऊल कडेवर पडते, म्हणून या चिठ्ठीत माप कडेवरून धरले आहे: तयार दगडाच्या कडेवर १०००, आणि म्हणून खांबाजवळ तयार पायरीपासून १०८२.

‘तयार’ हा शब्द इथे सर्वांत महत्त्वाचा. खांब उभे राहतात तेव्हा पायरीवर दगड नसतो. कच्च्या काँक्रीटपासून मोजले तर १०८२ मध्ये ५० मिळवून ११३२ होतात. त्यातून वरच्या ४० मिमी पाइपची उभी जाडी वजा करायची. पाइप तिरपा असल्याने ती ४० नसून ४८ मिमी भरते. मग बेसप्लेटचे ६ मिमी. उरले १०७८. ही खांबाची मध्यरेषेवरची लांबी झाली. खांबाचे वरचे तोंड उतारात कापायचे असते, म्हणून ४० मिमी रुंदीत एक बाजू १०६५ आणि दुसरी १०९१ येते. चिठ्ठीत या तिन्ही संख्या लिहाव्यात आणि लांब बाजू वरच्या पायरीकडे, असे बाण काढून दाखवावे. उलट्या बाजूने कापलेला खांब फिरवून वापरता येतो, पण डाव्या-उजव्या टप्प्यांच्या खांबांना भोके आधीच पाडलेली असली की तोही मार्ग बंद होतो.

दगडाची कड काँक्रीटच्या पुढे येते, म्हणून कडेची रेषा काँक्रीटवर आखून चालत नाही. दगडाचा एकेक तुकडा पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर लाकडी ठोकळ्यांवर त्याच्या खऱ्या उंचीला ठेवावा आणि दोरी त्यांच्या कडांवर ताणावी. मधल्या पायऱ्या या दोरीखाली ५० मिमी आहेत का, हे तिथेच कळते. एखादी पायरी १५ मिमीने खाली असेल तर ते गवंड्याने मसाल्यात भरून काढायचे असते. खांब वाढवून ते झाकू नये.

खांब आणि त्याचा पाया

उदाहरणातला टप्पा नऊ पायऱ्यांचा, दहावी पातळी म्हणजे लँडिंग. खांब पहिल्या, चौथ्या, सातव्या पायरीवर आणि लँडिंगवर. आडवे अंतर ७५० मिमी, तिरपे ८९९. खांबाचा पाइप ४० × ४० मिमी, भिंत ३ मिमी. बाजारात हाच पाइप २ मिमीचाही मिळतो आणि स्वस्त पडतो. मात्र कुणी एका खांबाजवळ ७० किलोचा जोर देऊन रेलला, तर ११०० मिमी उंचीवरचा तो जोर खांबाच्या पायथ्याशी सुमारे ७७ किलो-मीटर वाकवण्याचे बळ निर्माण करतो. ३ मिमीच्या पाइपमध्ये त्याचा ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५०० किलो येतो. २ मिमीच्यात तो २१०० च्या आसपास जातो आणि साध्या पोलादाला राखायची मोकळीक संपते. वाकलेला खांब सरळ करून रंगवला, तरी एकदा वाकल्याची खूण पायथ्याशी राहते.

तेच बळ बेसप्लेटवरच्या अँकरला कसे पोहोचते, हे मला या सगळ्या विषयातले मुख्य वाटते. प्लेट १०० × १०० मिमी, भोकांमधले अंतर ७० मिमी. प्लेट बाहेरच्या कडेवर टेकते आणि आतले दोन अँकर ताणले जातात; टेकण्याच्या जागेपासून ते ८५ मिमी दूर आहेत. ७७ किलो-मीटरला ०.०८५ मीटरने भागले की सुमारे ९०० किलो, म्हणजे प्रत्येक अँकरवर साडेचारशे. हा ताण भरीव काँक्रीटच पेलते. दगड बसल्यावर त्यावरून भोक पाडले, तर वरचे ५० मिमी दगड-मसाल्यात जातात आणि उरलेला थोडासाच अँकर काँक्रीट धरतो. म्हणून या चिठ्ठीत प्लेट थेट काँक्रीटवर आहे आणि दगड नंतर खांबाभोवती कापून बसवायचा आहे. पायरीच्या उघड्या बाजूपासून प्लेटचा मध्य किमान ९५ मिमी आत घ्यावा, नाहीतर बाहेरचा अँकर घट्ट करतानाच काँक्रीटची कड उडते. जिना रुंदीला अरुंद असेल आणि ही जागा देता येत नसेल, तर प्लेट बाजूने स्लॅबच्या जाडीवर बसवायची. त्यासाठी खांबाची लांबी वेगळी काढावी लागते आणि वरची चिठ्ठी लागू होत नाही.

कामाचा क्रम

चिठ्ठीचा हा भाग सुपरवायझरने वेल्डरसमोर वाचून दाखवावा. मजकूर साधारण असा:

“भाई, आधी चारही प्लेटा बसवा, नट घट्ट करा, तिथे मला हाक मारा. मग पहिला आणि लँडिंगचा खांब, फक्त टॅक, समोरासमोर दोन. ओळंबा दोन्ही बाजूंनी लावून बघा. दोघांच्या डोक्यावरून दोरी ताणा. मधले दोन खांब दोरीला लावून टॅक करा, दोरीच्या वर-खाली होत असतील तर सांगा, ठोकून बसवू नका. वरचा पाइप टॅक. प्रत्येक कडेवर १०००, दगडाचा तुकडा ठेवून मोजा. हे झाल्याशिवाय फुल वेल्ड नाही. खालचा पाइप आणि बार त्यानंतर.”

टॅकवर एवढा भर असण्याचे कारण असे की वेल्ड थंड होताना आकसतो. पायथ्याशी एका बाजूला पूर्ण वेल्ड मारला आणि ती बाजू अर्धा मिलिमीटर आकसली, तर ४० मिमी रुंदीवरचा तो अर्धा मिलिमीटर एक मीटर उंचीवर साडेबारा मिलिमीटर होतो. चार सूत खांब त्या बाजूला झुकतो, आणि दोष ओळंब्याचा ठरतो. उपाय अवघड नाही. फुल वेल्ड करताना एका खांबाची एक बाजू, मग समोरची, मग दुसऱ्या खांबाकडे जायचे. सलग चारही बाजू फिरवायच्या नाहीत. वरचा पाइप टॅक केलेला असल्यामुळे खांबांची डोकी धरून ठेवली जातात. वेल्डिंग यंत्राची अर्थिंगची चिमटी त्याच रेलिंगच्या पाइपला लावावी, बाहेर डोकावणाऱ्या सळईला लावू नये.

बार आणि फटी

उभे बार १२ मिमी चौरस. लहान मुलाचे डोके अडकू नये म्हणून दोन बारांमधली मोकळी फट १०० मिमीच्या आत ठेवतात. आडव्या पट्ट्या मुलांना शिडीसारख्या चढता येतात, म्हणून घरच्या जिन्याला उभे बारच घ्यावेत. दोन खांबांमधली मोकळी जागा ७१० मिमी. पाच बार घातले तर फट १०८ मिमी होते, सहा घातले तर ९१. म्हणून सहा. नेहमीची चूक यानंतर खुणा करताना होते. बारांमधले मध्य-ते-मध्य आडवे अंतर १०३ मिमी आहे, पण खूण तिरप्या पाइपवर करायची असते आणि तिथे ते १२३.५ मिमी होते. वेल्डरने पाइपवर १०३ च्या खुणा केल्या तर सहा बार संपतात आणि शेवटी मोठी फट उरते. मग तिथे सातवा बार घुसवला जातो आणि एका खणात बार दाटीचे, शेजारच्यात विरळ, असे रेलिंग तयार होते. खांबाच्या मध्यापासून पहिली खूण १४० मिमीवर, पुढे पाच वेळा १२३.५. शेवटच्या बारापासून पुढच्या खांबापर्यंत पुन्हा १४० उरले पाहिजेत. नाही उरले तर खुणा पुसून परत कराव्यात.

गवंड्याकडे सोपवण्यापूर्वी

दगड येण्याआधी वेल्डवरची काळी पापडी ठोकून काढायची, ग्राइंडिंग संपवायचे आणि खांबाच्या खालच्या भागाला रेड ऑक्साइडचे दोन हात द्यायचे. ग्राइंडरच्या ठिणग्या ग्रॅनाइटवर पडल्या की गंजाचे ठिपके उमटतात आणि घासूनही सहज जात नाहीत. मसाल्यात बुडालेली प्लेट सहसा टिकते. गंज सुरू होतो तो खांब दगडातून बाहेर येतो त्या रेषेवर, कारण पायरी पुसतानाचे पाणी तिथे थांबते. गच्चीवर जाणाऱ्या उघड्या जिन्यावर पावसाळ्यात हे आधी दिसते. म्हणून रंगाचा हात त्या रेषेच्या वर किमान १०० मिमी आणि खाली थेट प्लेटपर्यंत असावा आणि पाइपांची उघडी टोके पत्र्याने वेल्ड करून बंद करावीत.

तपासणीसाठी १०० मिमीचा लाकडी ठोकळा पुरतो. तो एकाही फटीतून आरपार जाता कामा नये. वरच्या पाइपला हाताने ढकलल्यावर खांब हलला तर नट बघावा. नट घट्ट असूनही प्लेटची आतली बाजू उचलली जात असेल तर अँकर काँक्रीटमध्ये सरकला आहे. अशा वेळी तोच अँकर पुन्हा पिळून काही होत नाही. प्लेट सरकवून नव्या भोकात बसवावी लागते. खांबाच्या पायथ्याशी वेल्डच्या कडेने केसासारखी रेघ दिसली तर तेवढा वेल्ड ग्राइंड करून पुन्हा भरायचा, वरून थर द्यायचा नाही.

दुसऱ्या टप्प्यासाठी चिठ्ठी नव्याने काढावी. एकाच घरात दोन्ही टप्प्यांचे चढ पाच-सात मिलिमीटरने वेगळे निघणे नेहमीचे आहे. चढ १६५ ऐवजी १७२ झाला तर पायरीच्या मध्यावरची वाढ ८२ ऐवजी ८६ होते आणि खांबाच्या तिन्ही संख्या बदलतात. चिठ्ठीच्या दोन प्रती असाव्यात, एक वेल्डरकडे आणि एक साइटच्या वहीत, दोन्हींवर माप घेतल्याची तारीख आणि त्या दिवशी धरलेली दगडाची जाडी. मालकाने नंतर ग्रॅनाइटऐवजी टाइल घ्यायचे ठरवले आणि ५० चे ३५ मिमी झाले, तर पहिली ओळ तीच बदलायची असते.