चार वाजून सहा मिनिटे : पण कोणत्या घड्याळाने?

जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली चाळणाऱ्या अभ्यासकाला तारीख आणि वेळ या दोन गोष्टी सर्वांत भरवशाच्या वाटतात. माणसे विसरतात, साक्षी बदलतात; पण ‘दुपारी अमुक वाजता’ असे एकदा छापले गेले की त्यात शंकेला जागा उरली नाही, असे आपण समजतो. प्रत्यक्षात वेळ हा आकडा एकटा कधीच पुरा नसतो. तो ज्या घड्याळाने मोजला, ते घड्याळ त्या दिवशी कोणत्या नियमाने चालत होते हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. याचे एक चांगले उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे.

शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या लगडी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटक द्रव्येही होती. दुपारी गासड्यांना आग लागली, ती विझविता आली नाही, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला. ही वेळ तेव्हापासून सर्व वृत्तांतांत येते. स्फोटाचे हादरे दूरच्या सिमल्याच्या भूकंपमापकानेही टिपले होते.

आता समजा, एखाद्या अभ्यासकाला ही वेळ ग्रीनिच वेळेत हवी आहे. परदेशातील तारांच्या आणि जहाजांच्या नोंदींशी तिचा मेळ घालावयाचा असेल, किंवा भूकंपमापकाच्या पट्टीवर हादऱ्याची जागा शोधावयाची असेल, तर हे करावेच लागते. कारण अशा यंत्रांच्या नोंदी जगभर ग्रीनिच वेळेनेच ताडून पाहतात. भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १६ वाजून ६ मिनिटांतून साडेपाच तास वजा केले की १० वाजून ३६ मिनिटे उरतात. हिशेब बरोबर आहे, उत्तर मात्र चुकीचे आहे.

कारण असे की, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातील प्रमाणवेळ एक तास पुढे सरकविलेली होती. सायंकाळचा उजेड अधिक वापरता यावा आणि विजेची बचत व्हावी, हा अशा योजनेचा हेतू असतो. त्या तीन वर्षांत भारताचे घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे होते. म्हणून स्फोटाची ग्रीनिच वेळ ९ वाजून ३६ मिनिटे ही होय. आजच्या भारतीय वेळेत मांडली तर ती दुपारचे तीन वाजून सहा मिनिटे इतकी येते. आजचा नियम लावणारा अभ्यासक भूकंपमापकाच्या पट्टीवर एक तास पुढे शोधत बसेल आणि तेथे काही नाही, असा निष्कर्ष काढील.

येथे मुंबईपुरता आणखी एक गुंता आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईने ती सुखासुखी स्वीकारली नाही. शहराची जुनी ‘मुंबई वेळ’ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. ती वेळ महानगरपालिकेने १९५५ पर्यंत सोडली नाही. त्यामुळे १९४४ च्या मुंबईतील कोणताही कागद हाती आला की पहिला प्रश्न ‘किती वाजता?’ हा नसून ‘कोणाच्या घड्याळाने?’ हा असला पाहिजे. रेल्वे, तार आणि सरकारी कचेऱ्या यांची वेळ प्रमाणवेळ. नगरपालिकेची वेळ निराळी असू शकते. ‘चार वाजून सहा’ जर मुंबई वेळेने असते, तर ग्रीनिच वेळ ११ वाजून १५ मिनिटे झाली असती. एकाच आकड्याची अशी तीन उत्तरे निघतात.

या तिन्हींतून निवड करण्यासाठी एक साक्षीदार असा आहे की जो कोणत्याही सरकारी हुकुमाने पुढेमागे होत नाही. तो म्हणजे सूर्य. एप्रिलच्या मध्याला सूर्यघड्याळ आणि त्या स्थळाची मध्यम वेळ यांत जवळजवळ फरक राहत नाही, ही येथे मोठीच सोय आहे. युद्धकालीन प्रमाणवेळ धरली तर स्फोटाच्या क्षणी मुंबईत सूर्याच्या हिशेबाने २ वाजून २७ मिनिटे झाली होती आणि सूर्य क्षितिजावर सुमारे ५३ अंश होता. अशा उन्हात एक मीटर उंचीच्या खांबाची सावली पाऊण मीटर पडते. आजचा नियम धरला तर सूर्य सुमारे ३९ अंशांवर येतो आणि सावली सव्वा मीटर होते. मुंबई वेळ धरली तर ती पावणेदोन मीटर भरते. म्हणून त्या क्षणाचे म्हणून दाखविले जाणारे एखादे छायाचित्र हाती आले, तर त्यातील सपाट जमिनीवरची सावली वस्तूच्या उंचीपेक्षा आखूड आहे की लांब, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो. मात्र चित्र नेमके केव्हा टिपले, हे अन्य पुराव्याने ठाऊक असले पाहिजे.

आज हा हिशेब संगणक करतो. त्याच्यापाशी जगातील ठिकठिकाणच्या जुन्या नियमांची यादी असते, आणि भारताचा इतिहास तीत `Asia/Kolkata` या नावाखाली येतो. नुसते ‘अधिक साडेपाच’ न सांगता हे नाव आणि १४ एप्रिल १९४४ ही तारीख दिली, तर संगणक आपण होऊन साडेसहा तास वजा करतो. पण या यादीलाही मर्यादा आहे. १९०६ पूर्वीच्या काही दशकांसाठी ती ५ तास २१ मिनिटे १० सेकंद, म्हणजे रेल्वेने वापरलेली मद्रास वेळ, देते; त्या काळच्या मुंबईकराच्या भिंतीवरील घड्याळ तिच्या अर्धा तास मागे होते. १९०६ नंतरची मुंबई वेळ तर या यादीत नाहीच. आणि नाव कोलकात्याचे असले, तरी त्या शहराने १९४८ पर्यंत जपलेली स्वतःची वेळही तीत नाही. यंत्र सरकारी नियम सांगते. शहराची सवय त्याला ठाऊक नसते.

दोन खाचखळगे ध्यानात ठेवावेत. पहिला तारखेचा. १५ एप्रिल १९४४ रोजी सकाळी सहाला काही घडले असेल, तर ग्रीनिचला तेव्हा १४ तारखेची रात्रीची साडेअकराची वेळ होती. आजच्या नियमाने मात्र १५ तारखेची मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला निघतो. तासाची चूक येथे दिवसाची होते. दुसरा खळगा १५ ऑक्टोबर १९४५ चा. त्या दिवशी घड्याळे एक तास मागे घेतली गेली, म्हणजे घड्याळातील एक तास दोनदा आला. त्या तासातील नोंद पहिल्या फेरीची की दुसऱ्या, हे आकड्यावरून कळत नाही. ते आगेमागेच्या नोंदींवरूनच ठरवावे लागते.

हा प्रश्न केवळ संशोधकांचा नाही. त्या तीन वर्षांत जन्मलेल्यांच्या पत्रिका मांडताना जाणते ज्योतिषी एक तास वजा करीत. कारण लग्नरास साधारण दोन तासांत बदलते आणि एका तासाने ती सहज पालटू शकते. घरातील जुन्या वहीत जन्मवेळ लिहिणाऱ्या आजोबांनी घड्याळात पाहून लिहिले, की मनातल्या मनात तास वजा करून, हे त्या वहीतल्याच इतर नोंदींवरून पडताळावे लागते. म्हणून जुनी वेळ उतरवून घेताना मूळ आकडा जसाच्या तसा ठेवावा, त्याच्या शेजारी घड्याळ कोणाचे ते लिहावे आणि रूपांतर निराळ्या ओळीत मांडावे. मूळ आकडा पुसून त्या जागी आपला हिशेब लिहिला, तर पुढच्या वाचकाला आपली चूक सुधारण्याची वाट राहत नाही.