एका व्हॅनिशिंग पॉइंटवर खोली काढताना फरशा का चुकतात?

ड्रॉइंग अ‍ॅपमध्ये मी पहिल्यांदा खोली काढली तेव्हा भिंती छान जमल्या, पण जमीन उतारासारखी दिसत होती. कारण फरशांच्या आडव्या रेषा मी सारख्या अंतरावर मारल्या होत्या. ही चूक कशी टाळायची ते आज पाहू.

समजा खोली १२ फूट रुंद, ९ फूट उंच आणि १२ फूट खोल आहे. फरशी २ फुटांची. अ‍ॅपमधली ग्रिड चालू करा आणि ग्रिडचं एक घर म्हणजे १ फूट धरा. उजव्या बाजूला ८-१० घरं मोकळी ठेवून १२ बाय ९ चा आयत काढा.

आपले डोळे जमिनीपासून ५ फुटांवर आहेत असं धरू. म्हणून तळापासून ५ घरं वर क्षितिजरेषा मारा आणि तिच्यावर आयताच्या बरोबर मध्यभागी व्हॅनिशिंग पॉइंट ठेवा. शाळेच्या चित्रकलेत यालाच लोपबिंदू म्हणतात. आयताचे चारही कोपरे या बिंदूला जोडा. तळाच्या रेषेवर दर २ घरांवर खूण करून त्या खुणाही तिथेच जोडा.

आता मुख्य भाग. आपण आयतापासून १२ फूट लांब उभे आहोत असं समजा. मग क्षितिजरेषेवरच, व्हॅनिशिंग पॉइंटच्या उजवीकडे १२ घरांवर दुसरा बिंदू घ्या. आयताच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून त्या बिंदूपर्यंत एक तिरकी रेषा ओढा. ती जमिनीच्या रेषांना जिथे जिथे कापते, तिथून आडव्या रेषा मारा. झाल्या फरशा तयार!

तिरकी रेषा जमिनीच्या उजव्या कडेला जिथे भेटते, तिथे मागची भिंत उभी राहते. ती बरोबर निम्मी, म्हणजे ६ बाय साडेचार घरांची येते. फरशांच्या ओळी मागे जाताना आक्रसतात. पुढची ओळ साधारण ०.७ घर उंच, तर शेवटची फक्त ०.२३ घर.

चित्र बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं? फरशांच्या कोपऱ्यांतून कर्ण ओढून बघा. तो सगळ्या फरशांमधून एकाच सरळ रेषेत गेला पाहिजे. वाकला तर अंतरं चुकली. लिओन बात्तिस्ता अल्बेर्टी यांनी १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या पुस्तकात हीच तपासणी सांगितली होती.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ही पद्धत समोरच्या भिंतीकडे अगदी सरळ बघतानाच चालते. फोन वर किंवा खाली झुकवून खोलीचा फोटो काढलात, तर उभ्या कडाही एकमेकींकडे झुकतात आणि तिथे एक बिंदू पुरत नाही. म्हणून फोटोवरून ट्रेस करायचं असेल, तर फोन सरळ उभा धरूनच फोटो काढा.