पाणी पोहोचायला लागणारा वेळ

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगसाठी आलेली मंडळी सकाळी काठावर पाण्याची वाट पाहत उभी असतात. मुळशीच्या जलाशयाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते, टर्बाइन फिरवते आणि मग कुंडलिकेला मिळते. १९२७ पासून हे चालू आहे. वर पाणी सोडले, तरी खाली उभ्या माणसाला बराच वेळ काहीच दिसत नाही. दगड तसेच उघडे असतात. मग पातळी चढू लागते, आधी भराभर, नंतर सावकाश, आणि एका उंचीला येऊन थांबते.

हे दृश्य ज्याने लक्षपूर्वक पाहिले आहे, त्याला या पुस्तकाचा विषय निम्मा समजला आहे. काहीच घडत नाही तो काळ म्हणजे डेड टाइम. चढाला लागणारा वेळ टाइम कॉन्स्टंटने सांगता येतो. आणि वर जेवढे पाणी जास्त सोडले, त्याच्या प्रमाणात इथे पातळी किती वाढली, तो गेन. या तीन आकड्यांत एखाद्या प्रक्रियेचे वागणे बसवायचे आणि त्यांवरून कंट्रोलरला आकडे द्यायचे, एवढेच काम इथे शिकायचे आहे. काम लहान असले तरी आकडे मिळवताना घाई केली, तर पुढचे सगळे गणित वाया जाते. म्हणून या प्रस्तावनेत मी एकच लूप घेऊन सावकाश जाणार आहे.

पेणहून सकाळच्या गाडीने रोह्याला उतरून धाटावच्या एमआयडीसीत कामाला जाणारे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन माझ्यासमोर वाचक म्हणून आहेत. तिथल्या रासायनिक कारखान्यांत जे लूप हमखास सापडते, तेच घेऊ. हीट एक्स्चेंजरमधून पाणी जाते, वाफेने तापते, बाहेर पडताना त्याचे तापमान मोजले जाते आणि त्यावरून वाफेचा व्हॉल्व्ह कमी-जास्त होतो. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण असे आकडे तुम्हाला तुमच्या स्क्रीनवरही दिसतील.

कंट्रोलर मॅन्युअलवर घ्या. व्हॉल्व्ह ४० टक्क्यांवर आहे, पाणी ६८ अंशांवर स्थिर आहे. ते खरोखर स्थिर आहे, याची खात्री होईपर्यंत थांबा. आता व्हॉल्व्ह एकदम ४५ टक्क्यांवर न्या आणि हात लावू नका. तापमान हळूहळू ७४ अंशांवर जाऊन थांबले. पायरी पाच टक्क्यांचीच का घेतली? कारण या मोजमापात अधूनमधून अर्ध्या अंशाची थरथर असते आणि मिळालेला बदल तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, सहा अंशांचा आहे. एक टक्क्याची पायरी घेतली असती, तर सव्वा अंशाच्या बदलात थरथर कुठली आणि चढ कुठला हे ओळखता आले नसते. वीस टक्क्यांची घेतली असती, तर उत्पादनवाल्यांनी ती करू दिली नसती, आणि त्यांचे बरोबरच असते.

आता गेन काढू. पाच टक्क्यांना सहा अंश, म्हणजे टक्क्याला १.२ अंश. पण हा आकडा तसाच पुढच्या सूत्रात घालू नका. बहुतेक कंट्रोलर तापमानाकडेही टक्क्यांत पाहतात, ट्रान्समीटरच्या पल्ल्याच्या टक्क्यांत. पल्ला ० ते १५० अंशांचा असेल, तर सहा अंश म्हणजे चार टक्के, आणि गेन ०.८. इथे चुकलेला माणूस सगळे बरोबर करूनही दीडपट चुकीच्या आकड्यावर पोहोचतो.

वेळ काढण्याच्या जुन्या पद्धतीत आलेखाच्या सर्वांत चढ्या जागी स्पर्शरेषा ओढत. झीगलर आणि निकोल्स यांचा १९४२ चा प्रसिद्ध लेख याच धर्तीचा. पण एका जागेच्या चढावर सगळे अवलंबून ठेवले की मोजमापातली थरथर पट्टी हलवते. दोन माणसांना दोन उत्तरे मिळतात. त्यापेक्षा दोन बिंदू घ्या. एकूण बदलापैकी २८.३ टक्के आणि ६३.२ टक्के बदल कधी झाला, ते पाहा. आपल्या उदाहरणात तापमान ६९.७ अंशांवर ७५ सेकंदांनी आले आणि ७१.८ अंशांवर १४५ सेकंदांनी. मग

τ = 1.5 (t₂ − t₁)
θ = t₂ − τ

यावरून टाइम कॉन्स्टंट १०५ सेकंद आणि डेड टाइम ४० सेकंद. मिळालेल्या तीन आकड्यांवरून वक्र पुन्हा काढा,

y(t) = y₀ + K·Δu·(1 − e^(−(t−θ)/τ)),  t ≥ θ

आणि मोजलेल्या रेषेवर ठेवून पाहा. या सूत्रात उत्तर अंशांत हवे असेल, तर K म्हणून १.२ घालायचा. सुरुवातीला मोजलेली रेषा आधी हळूच वाकून उठलेली दिसेल आणि मॉडेलची रेषा एका कोपऱ्यातून एकदम उठेल. हा फरक चूक नाही. थर्मोवेलच्या जाड धातूला तापायला लागणारा वेळ, व्हॉल्व्हच्या हालचालीचा वेळ, स्क्रीनवरचा फिल्टर, असे छोटे-छोटे उशीर या मॉडेलने गोळा करून डेड टाइममध्ये टाकले आहेत. त्यामुळे इथले ४० सेकंद म्हणजे फक्त पाइपातून पाणी वाहण्याचा वेळ नव्हे. पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यात मात्र अगदी शुद्ध डेड टाइम भेटतो. पट्टीची जाडी मोजणारे यंत्र रोलच्या काही अंतर पुढे असते, तेव्हा ते अंतर भागिले पट्टीचा वेग, हा उशीर कागदावरच काढता येतो.

मात्र रेषा शेवटाकडे जुळत नसेल, तर ते गांभीर्याने घ्या. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे लवकर थांबणे. आलेख सपाट झाल्यासारखा वाटतो, घाई असते, आणि ७३ अंशांना शेवट मानला जातो. गेनही कमी येतो, टाइम कॉन्स्टंटही. दुसरे कारण बॉयलरकडचे असते: चाचणी चालू असताना दुसऱ्या विभागाने वाफ ओढली आणि हेडरचा दाब पडला. म्हणून तापमानाच्या शेजारी वाफेचा दाब आणि पाण्याचा प्रवाह हे दोन्ही ट्रेंड लावून ठेवावेत. एका ठिकाणी मी स्वतः दोन दिवस खोट्या डेड टाइमशी झगडलो. इतिहास साठवणारी यंत्रणा ठरावीक मर्यादेपेक्षा कमी बदल नोंदवतच नव्हती, त्यामुळे चढाची सुरुवात कायम उशिरा दिसायची. चाचणीपुरती नोंद दर सेकंदाला घ्यायला सांगितले आणि वीस सेकंद आपोआप कमी झाले.

मग व्हॉल्व्ह ४५ वरून पुन्हा ४० वर आणा आणि सगळे परत मोजा. तापमान ६८ वर परत आले नाही किंवा खाली येतानाचा गेन निराळा निघाला, तर व्हॉल्व्ह अडकतो आहे. पॅकिंग घट्ट असेल, नाहीतर पोझिशनर बिघडलेला असेल. अशा व्हॉल्व्हवर कितीही चांगले ट्यूनिंग केले तरी हंटिंग जात नाही. आधी पाना घ्या.

आता आकडे कंट्रोलरला द्यायचे. झीगलर-निकोल्सच्या स्टेप टेस्टच्या सूत्राने पीआय कंट्रोलरचा गेन साधारण २.९५ आणि इंटिग्रल टाइम १३३ सेकंद येतो. नॉर्वेच्या स्कोगेस्टाड यांनी २००३ मध्ये मांडलेला सोपा नियम निराळा आहे:

Kc = τ / (K (τc + θ))
Ti = min(τ, 4(τc + θ))

यातला τc तुम्ही निवडायचा. लूप किती वेगाने प्रतिसाद देईल, हे त्यावर ठरते. तो डेड टाइमइतका, म्हणजे ४० सेकंद घेतला, तर गेन १.६४ आणि इंटिग्रल टाइम १०५ सेकंद. जुना कंट्रोलर प्रपोर्शनल बँड मागत असेल, तर १०० ला १.६४ ने भागा: ६१ टक्के. इंटिग्रल मिनिटांत मागतो की सेकंदांत, हेही आधी पाहून घ्या.

दोन उत्तरांपैकी कुठले घ्यायचे? दिवसा दोन्ही चालतील. झीगलर-निकोल्सचे थोडे झुलते, तरी पटकन सावरते. खरा फरक रात्री दिसतो. रात्रपाळीत गरम पाण्याची मागणी निम्मी झाली, असे समजा. तेवढ्याच वाफेने निम्मे पाणी जवळपास दुप्पट तापते. पाणी हळू वाहते, म्हणून डेड टाइम वाढतो आणि टाइम कॉन्स्टंटही. ढोबळमानाने तिन्ही दुप्पट झाले असे धरून हिशोब केला, तर झीगलर-निकोल्सचे लूप अस्थिर होते. तापमानाचे हेलकावे वाढतच जातात, आणि ऑपरेटर दादा लूप मॅन्युअलवर टाकून मोकळे होतात. सकाळी तुम्ही येता तेव्हा सगळे ठीक दिसते आणि रात्री काय झाले ते कोणी मानत नाही. १.६४ चे लूप तगते, पण अगदी काठावर. गेन आणखी पावपटीने वाढला तर तेही सुटते.

म्हणून या लूपसाठी मी τc दिवसाच्या डेड टाइमच्या तिप्पट, १२० सेकंद घेईन. गेन ०.८२ होतो, इंटिग्रल टाइम १०५ सेकंदच राहतो. दिवसा लूप थोडे मंद वाटेल, पण रात्री गेन जवळजवळ अडीच पटीने वाढेपर्यंत ते हातात राहते. दिवसाही वेग हवाच असेल, तर पाण्याच्या प्रवाहानुसार गेन बदलणारी सोय करावी लागते, आणि त्यासाठी दोन्ही प्रवाहांवर वेगवेगळी चाचणी घ्यावी लागते.

धाटावमधल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. बॅच रिअ‍ॅक्टरमध्ये उष्णता सोडणारी अभिक्रिया चालू असताना ही चाचणी घेऊ नये. तिथे तापमान शेवटी स्थिर होतेच असे नाही, ते वेगाने चढत जाऊ शकते, आणि आपण मॅन्युअलवर हात बांधून बसलेले असतो. टाकीच्या पातळीलाही हे मॉडेल लागू नाही, कारण आवक वाढवली की ती चढतच राहते, कुठे थांबत नाही. त्या दोन्हींसाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे आहेत.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी आपल्या विभागातले एक लूप निवडा, रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारा की ते किती वाजता मॅन्युअलवर जाते, आणि त्या वेळचा प्रवाह वहीत लिहून घ्या. पहिली पायरी त्याच प्रवाहावर द्यायची आहे.